वॉर्ड ऑफिसला पत्र लिहा, पण त्यात तक्रार नको, भेट मागा

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावच्या वाचकांनो, तुमच्याकडे गटारांची नावं वेगळी असतील, पाणी मात्र सगळीकडे उताराकडेच जातं.

गेल्या महिन्यात इथे कुणीतरी विचारलं होतं, "पावसात चेंबरमधून मैला उलटा येतो, दहा तक्रारी केल्या, काही होत नाही, काय करावं?" खाली पन्नासेक उत्तरं आली. कुणी म्हणालं नगरसेवकाला धरा, कुणी म्हणालं मोर्चा काढा, कुणी म्हणालं घर विकून टाका. मला त्यातलं एकही पटलं नाही. आमच्या गल्लीत आम्ही हे दोन पावसाळे भोगलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. पावसात दरवर्षी उलटं येणाऱ्या ड्रेनेजचा प्रश्न तक्रारीने सुटत नाही, कारण तक्रार एका चेंबरची असते आणि दुखणं दोन खात्यांच्या आणि आपल्या स्वतःच्या मध्ये कुठेतरी अडकलेलं असतं. त्यासाठी सगळ्यांना एका वेळी, एका जागी, त्या चेंबरच्या काठावर उभं करावं लागतं. म्हणून पत्रात मागायची ती भेट.

मी बॅंकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच शाखेच्या खुर्चीवर. टपाल उघडणं हे माझं रोजचं काम. पार्ट्यांची पत्रं यायची. दोन-दोन पानं संताप, मधे मधे "आम्ही तीस वर्षांपासूनचे खातेदार", आणि शेवटी एक ओळ, "तरी घटतुं करशो". मराठीत "योग्य ती कार्यवाही व्हावी". आता ते घटतुं म्हणजे नेमकं काय, हे पत्र लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसायचं, तर मला कुठून कळणार? असं पत्र शिक्का मारून फाइलला लागायचं. याउलट एखादा लिहायचा की अमुक तारखेची अमुक रकमेची नोंद दोनदा पडली आहे, पासबुकाची नक्कल जोडली आहे, बुधवारी अकराला येतो, लेजर दाखवावं. त्याचं काम त्या बुधवारी व्हायचं. तो फार मोठा खातेदार असायचा असं नव्हे. पुढचं पाऊल काय, ते त्याने माझ्यासाठी लिहून ठेवलेलं असायचं, एवढंच.

वॉर्ड ऑफिसातही खुर्चीवर माणूसच बसलेला असतो.

आमची सोसायटी सत्तरच्या दशकातली. बेचाळीस घरं, निम्मी मराठी, निम्मी गुजराती. रेल्वे, युनिव्हर्सिटी, बॅंका अशा नोकऱ्यांतले लोक. सुरुवातीला बैठी घरं होती, पुढे मातीचं अंगण, अंगणात तुळस आणि सीताफळ. गच्चीचं पाणी पन्हळीतून अंगणात पडायचं आणि जमिनीत मुरायचं. पुढे मुलं मोठी झाली, वर मजले चढले, स्कूटरच्या जागी गाडी आली, अंगणाला फरशी लागली. फरशीवर पाणी साचायला लागलं तेव्हा प्लंबरने सोपा उपाय काढला. अगाशीवरून येणारा पाइप खाली वळवून जवळच्या ड्रेनेजच्या चेंबरात सोडून दिला. घरमालकाला वाटलं, पाणीच तर आहे, गटारातच तर जायचं.

इथेच सगळी मेख आहे. बडोद्यात, आणि बहुतेक शहरांत, जमिनीखाली दोन वेगळ्या व्यवस्था असतात. एक ड्रेनेज, म्हणजे संडास-बाथरूम-मोरीचं पाणी पंपिंग स्टेशनकडे आणि तिथून शुद्धीकरणाला नेणारी. दुसरी पावसाच्या पाण्याची, जिला आपण बडोद्यात वरसादी गटर म्हणतो. ती रस्त्याकडेच्या जाळीतून पाणी घेऊन काँसमध्ये सोडते, आणि काँस विश्वामित्रीला मिळते. भूखी काँस, रुपारेल काँस ही नावं जुन्या लोकांना माहीत असतात, नव्यांना ती फक्त तुंबल्यावर पेपरात दिसतात. या दोन व्यवस्थांचे पाइप वेगळे, मापं वेगळी, आणि ऑफिसात टेबलंही वेगळी.

आता थोडा हिशेब. समोरच्या घरातले काका सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला हा हिशेब वहीत मांडून दिला, आणि मी कॉमर्सचा माणूस असूनही तो मला कळला, म्हणजे तुम्हालाही कळेल. पाच माणसांच्या घरातून दिवसाला साधारण 540 लिटर सांडपाणी जातं. माणशी 135 लिटर पाणी धरायचं, त्यातलं ऐंशी टक्के गटारात जातं असं मानायचं, हा इंजिनिअर लोकांचा ठोकताळा. आता शंभर चौरस मीटरची गच्ची घ्या. तिच्यावर तासात 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाऊस पडला, तर 5,000 लिटर पाणी होतं. म्हणजे ज्या पाइपाने एका घराचं दिवसाचं 540 लिटर न्यायचं, त्यात एका तासात नऊ दिवसांचा माल ओतला. आणि वर आपण विचारतो, "उलटं का येतं?"

आमच्या गल्लीतली ड्रेनेजची लाइन सहा इंची. जेटिंगवाले आले तेव्हा उघड्या चेंबरशी टेप लावून काकांनी मोजली होती. असा पाइप पूर्ण भरून, मैला खाली न बसता वाहून जाईल एवढ्या म्हणजे सेकंदाला 0.6 मीटर वेगाने चालला, तर तासाला सुमारे 38,000 लिटर नेतो. बेचाळीस घरांच्या सांडपाण्याला हे भरपूर झालं, कारण सकाळच्या गर्दीच्या वेळीही ते तासाला तीन हजारांच्या आतच असतं. पण सतरा गच्च्या त्यात सोडल्या की दोन इंचांच्या पावसात 85,000 लिटर होतात. पाइप बिचारा अर्धंही नेऊ शकत नाही. उरलेलं पाणी जिथे चेंबर सगळ्यात खाली आहे तिथून वर येतं.

आमच्याकडे ते गल्लीच्या खालच्या टोकाच्या घरात यायचं. तिथे एक आजी एकट्या राहतात, वय पंच्याऐंशी. पाऊस जोराचा लागला की त्यांच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर यायचं. त्या संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून ठेवायच्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जुन्या साड्यांचे बोळे लावायच्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्या जुलैपासून लेकीकडे सुरतेला जाऊन राहिल्या. गौरी दरवर्षी त्यांच्या घरी बसतात, त्या वर्षी बसल्या नाहीत. गल्लीत हळहळ सगळ्यांना होती. पण त्या बाथरूममधल्या पाण्यात आपल्या गच्चीचा वाटा किती, हा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता.

त्या दोन पावसाळ्यांत आम्ही मिळून अकरा तक्रारी नोंदवल्या. दर वेळी गाडी आली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जेटिंग मशीनने लाइन मारून दिली, गाळ निघाला, मोबाइलवर "निकाल" असा निरोप आला. त्यांच्या दृष्टीने तक्रार खरोखरच निकाली निघाली होती, कारण तक्रारीत आम्ही "चेंबर तुंबलं आहे" एवढंच लिहीत होतो. पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा तेच. बॅंकेत सस्पेन्स खातं असतं. नोंद इकडचीही नाही, तिकडचीही नाही, म्हणून तात्पुरती तिथे ठेवायची, आणि ती वर्षानुवर्षं तिथेच पडून राहायची. आमचं गटार तसं सस्पेन्समध्ये पडलं होतं.

मग मी वही घातली. उलटं आल्याची तारीख, पाऊस कधी सुरू झाला, पाणी कधी वर आलं, कधी उतरलं, किती बोटं चढलं. गच्चीवर सरळ कडांचा, सपाट बुडाचा एक डबा ठेवला आणि फुटपट्टीने पाऊस मोजला. हे सगळं करायला निवृत्त माणसासारखा माणूस नाही. वही कशासाठी, तर दुखणं कुठलं ते ओळखायला. पाणी उलटं येण्याची मुख्य कारणं तीन, आणि तिघांची चाल वेगळी.

लाइन नुसती तुंबली असेल, तर कोरड्या दिवसांतही पाणी वर येतं. तेव्हा वरच्या बाजूचं चेंबर भरलेलं आणि खालच्या बाजूचं जवळजवळ रिकामं दिसतं. तुंबारा या दोघांच्या मधे आहे असं समजावं. याला जेटिंग हाच उपाय, आणि याला तक्रार पुरते. दुसरं, पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरत असेल, तर कोरड्यात काही होत नाही. जोराचा पाऊस लागला की वीस-तीस मिनिटांत पाणी चढतं, वरची-खालची सगळी चेंबरं एकदम भरतात, आणि पाऊस थांबला की तास-दोन तासांत आपोआप उतरतं. तिसरं, अडचण खूप पुढे असते. पंपिंग स्टेशन बंद असतं, नाहीतर नदी चढल्यामुळे काँसचं तोंडच पाण्याखाली असतं. मग पाऊस थांबून सहा-सात तास झाले तरी पाणी हलत नाही. विश्वामित्री काळा घोडा पुलापाशी 26 फुटांच्या धोक्याच्या पातळीजवळ गेली असेल, तर त्या दिवसांची नोंद वहीत वेगळ्या पानावर टाका. पुराचा दिवस गल्लीच्या गटाराच्या माथी मारला की अधिकारी तेवढंच धरतात, "साहेब, ते तर पूर आला होता", आणि बाकीची वही वाया जाते.

आमच्या वहीत दोन पावसाळ्यांत चौदा वेळा उलटं आलं. त्यातले दोन दिवस पुराचे, ते बाजूला काढले. बाकी बारा वेळा चाल हुबेहूब दुसऱ्या प्रकारची. आणखी एक गोष्ट दिसली, तासाला 20 मिलिमीटरच्या आत पाऊस असला की एकदाही पाणी वर आलेलं नव्हतं. काकांनी तोच आकडा सतरा गच्च्यांना लावून पाहिला. गच्च्यांचे 34,000 लिटर, वर सांडपाणी, म्हणजे पाइप जेमतेम भरतो. डब्यातला आकडा आणि वहीतला हिशेब जुळला तेव्हा मला ताळेबंद जुळल्यासारखाच आनंद झाला होता.

सतरा गच्च्या हा आकडा कुठून आला, तेही सांगतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव करून घेतला, आणि एका रविवारी घरोघर जाऊन गच्चीच्या पाइपात बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओतली. खाली चेंबरचं झाकण उघडून पाहायचं, निळं पाणी येतं का. सुरुवात माझ्या घरापासून केली म्हणजे कुणाला बोलायला जागा राहिली नाही. आमचा पाइप अंगणातल्या खड्ड्यात पडतो. बेचाळिसांपैकी सतरा घरी निळं पाणी दिसलं. त्या दिवशी गल्लीत भांडणंही झाली, ती इथे लिहीत नाही.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. घराच्या आवारातलं चेंबर दुरून उघडून पाहणं वेगळं, आणि रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये माणूस उतरवणं वेगळं. आमच्याकडेही एकाने सुचवलं होतं की पाचशे रुपये देऊन कुणालातरी आत उतरवा, पाच मिनिटांत कळेल. आतल्या वायूने माणूस पाच मिनिटांतच जातो. 2013 च्या कायद्याने अशा कामाला माणूस लावणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ते होऊ दिलं नसतं.

आता खरा पेच. सतरा घरांनी उद्या पाइप कापायचं ठरवलं, तर पाणी जाणार कुठे? रस्त्यावर. आणि रस्त्यावरून ते वरसादी गटरमध्ये जायला जाळीच शिल्लक नव्हती. रस्त्यावर दोन-तीनदा डांबराचे थर चढले, त्यात कडेची कॅचपिटं गाडली गेली. जुन्या लोकांना आठवत होतं की एक सेक्रेटरींच्या दारासमोर होती आणि दुसरी कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली. म्हणजे घरमालक म्हणणार, "आधी जाळ्या उघडा, मग पाइप कापतो." ड्रेनेजवाले म्हणणार, "आधी पावसाचं पाणी आमच्या लाइनमधून काढा." वरसादी गटरवाल्यांकडे तर तक्रारच नव्हती, कारण आम्ही सगळ्या तक्रारी ड्रेनेजमध्ये टाकत होतो. आणि डांबर पडलं रस्त्याच्या खात्याचं. यात लबाड कुणीच नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत होता.

म्हणून भेट मागितली, आणि ती ऑफिसात नाही, गल्लीत. पत्र गुजरातीत लिहिलं. याबद्दल आपल्यातल्या काहींना नाराजी वाटते, तर एक सांगतो. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा कोशच करवून घेतला होता, श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू, अनेक भाषांतले प्रतिशब्द एकत्र मांडलेला. टेबलावरच्या कारकुनाला कळेल अशा भाषेत लिहावं, ही बडोद्याचीच रीत आहे. मराठी इथे लिहायला आहेच की. पत्राचा मराठी तर्जुमा असा:

"प्रति, वॉर्ड ऑफिसर साहेब.
प्रत: डेप्युटी इंजिनिअर, ड्रेनेज शाखा. डेप्युटी इंजिनिअर, वरसादी गटर शाखा. आमच्या प्रभागाचे नगरसेवक.

विषय: आमच्या सोसायटीच्या गल्लीत पावसात ड्रेनेज उलटे येते, त्याबद्दल जागेवर चाळीस मिनिटांच्या संयुक्त भेटीची विनंती.

महोदय, आमच्या गल्लीत गेल्या दोन पावसाळ्यांत बारा वेळा ड्रेनेजचे पाणी घरात आले (पुराचे दोन दिवस वगळून). अकरा तक्रारी नोंदवल्या, त्यांचे नंबर सोबत जोडले आहेत. प्रत्येक वेळी आपल्या माणसांनी लाइन साफ करून दिली, त्याबद्दल आभार. परंतु नोंदींवरून दिसते की हा तुंबारा नसून पावसाचे पाणी ड्रेनेजमध्ये शिरते आहे. सतरा घरांच्या गच्चीचे पाणी ड्रेनेजला जोडलेले आहे, हे आम्ही स्वतः तपासले आहे. ती जोडणी आमच्या खर्चाने काढायला सोसायटी तयार आहे, ठरावाची नक्कल सोबत आहे. मात्र रस्त्यावरील दोन कॅचपिट डांबराखाली गेल्यामुळे ते पाणी सोडायला जागा नाही.

म्हणून ड्रेनेज आणि वरसादी गटर या दोन्ही शाखांच्या अधिकाऱ्यांसोबत जागेवर एकदा भेट द्यावी. भेटीत ठरवायच्या गोष्टी दोनच. कॅचपिट कोण आणि कधीपर्यंत उघडणार, आणि त्यानंतर किती दिवसांत घरांनी जोडणी काढायची. आम्हाला 10, 12 किंवा 17 फेब्रुवारी, सकाळी अकरा, यांपैकी कोणतीही वेळ चालेल. आपण दुसरी वेळ कळवल्यास तीही चालेल. सोसायटीतर्फे तीनच माणसे हजर राहतील.

सोबत: नोंदवहीचे एक पान, गल्लीचा हाताने काढलेला नकाशा, दोन फोटो, ठराव."

पत्र एवढंच. एका पानात बसलं. त्यात आजींची गोष्ट नाही, कर भरतो त्याचा उल्लेख नाही, आणि "कठोर पावलं उचलावी लागतील" हेही नाही. आमच्या सेक्रेटरींना ते फारच मवाळ वाटलं. मला विचाराल तर पत्रात धमकी घातली की ते वकिलाच्या किंवा वरिष्ठांच्या टेबलावर जातं आणि तिथे उत्तर तयार होतं, काम नाही. "तीनच माणसे" हे मात्र मुद्दाम घातलं. अधिकारी गल्लीत यायला कचरतात ते कामाच्या भीतीने नव्हे, चाळीस माणसांचा घोळका मोबाइल रोखून उभा राहील या भीतीने. नगरसेवकांना प्रत दिली, पण पत्राच्या आधी त्यांच्याकडे गेलो नाही. आधी गेलं की तो प्रश्न त्यांचा होतो, मग तो कुणाच्या बाजूचा आणि कुणाच्या विरुद्धचा, हे सुरू होतं.

फेब्रुवारी का, तेही महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात पत्र दिलं की ते आणीबाणी ठरतं आणि गाडी पाठवून मिटतं. पावसात रस्ता खोदायला सहसा परवानगीही देत नाहीत. थंडीत अधिकाऱ्याला वेळ असतो, आणि पावसाळ्यापूर्वीच्या कामांच्या यादीत आपली गल्ली घालायला जागा असते. पण पावसाळ्याची नोंद पावसाळ्यातच करावी लागते. जानेवारीत आठवून लिहिलेली वही कुणी मानत नाही.

पत्र स्वतः नेऊन दिलं. आवक शिक्का, नंबर आणि तारीख दुसऱ्या प्रतीवर घेतली. तीन तारखांपैकी पहिल्या दोन नुसत्याच गेल्या. दुसऱ्या तारखेनंतर त्याच आवक नंबरचा हवाला देऊन चार ओळींचं स्मरणपत्र दिलं, नवीन पत्र नाही. नवीन पत्र दिलं की नवीन नंबर पडतो आणि जुनं मागे राहतं. सतराला काही झालं नसतं, तर माहितीचा अधिकार तयार ठेवला होता. त्या कायद्यात नुसते कागद मागता येतात असं लोकांना वाटतं, पण कलम 2(जे) मध्ये कामाची पाहणी करण्याचाही हक्क आहे. गुजरातेत अर्जाची फी 20 रुपये. लाइनचा नकाशा पाहायला मागणार होतो. ते वापरायची वेळ आली नाही.

सतराला दोन्ही शाखांचे अधिकारी आले, सोबत दोन कामगार. चाळीस मिनिटं मागितली होती, पंचवीस लागली. कडुनिंबाखाली डांबरावर पहार मारली, आणि साधारण चार इंचांखाली लोखंडी जाळी वाजली. तो आवाज ऐकून वरसादी गटरचे साहेब हसले आणि म्हणाले, "काका, आ तो अमारा नकशामां पण छे." नकाशात होतीच ती, वर डांबर होतं एवढंच. दुसरी सेक्रेटरींच्या दारासमोर नव्हती, दोन घरं पुढे निघाली. आठवणीत आणि जमिनीत एवढा फरक पडतो. ड्रेनेजच्या साहेबांनी आणखी एक सांगितलं, जे आमच्या हिशेबात नव्हतं. शेवटच्या दोन चेंबरांमधला पाइप थोडा बसला आहे, उतार जवळजवळ नाही. तेवढा तुकडा बदलायला वेगळी मंजुरी लागेल, त्याला यंदा वचन देत नाही. हे ऐकून बरं वाटलं, कारण "करून देतो" म्हणणाऱ्यापेक्षा "एवढं जमेल, एवढं नाही" म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास जास्त.

त्याच संध्याकाळी मी भेटीचा वृत्तांत लिहिला. अर्धं पान, कोण हजर, काय ठरलं, कुणी कधीपर्यंत, आणि शेवटी "यात काही चूक असल्यास आठ दिवसांत कळवावे". दुसऱ्या दिवशी नेऊन पुन्हा आवक शिक्का घेतला. भेट झाली आणि वृत्तांत नाही, तर ती गप्पा ठरते. अधिकारी एप्रिलमध्ये बदलून गेले. नवीन आलेल्या साहेबांसमोर तेच अर्धं पान ठेवलं.

मे अखेरीस दोन्ही कॅचपिटं उघडली, साफ झाली, जाळ्या रस्त्याच्या पातळीला आणून बसवल्या. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सतरापैकी तेरा घरांनी पाइप वळवले. घरटी खर्च फार आला नाही, प्लंबर एकच ठरवला होता. चार घरं राहिली. त्यातलं एक बंद आहे, मुलगा न्यू जर्सीला, किल्ली त्याच्या मावशीकडे आणि मावशी फोन उचलत नाही. दोघांचं म्हणणं, फरशी फोडावी लागेल, दिवाळीनंतर बघू. चौथे गृहस्थ माझ्याशी बोलत नाहीत.

त्यानंतरच्या पावसाळ्यात वहीत दोनच नोंदी पडल्या. दोन्ही वेळा तासाला 50 मिलिमीटरच्या वर पाऊस होता, आणि पाणी आजींच्या बाथरूमच्या जाळीपर्यंत येऊन थांबलं, घरात आलं नाही. चार गच्च्या आणि तो बसलेला पाइप, दोघांचा वाटा किती, ते ती चार घरं वळल्याशिवाय कळणार नाही. आजी त्या वर्षी सुरतेला गेल्या नाहीत. गौरींचं हळदीकुंकू त्यांच्याकडेच झालं, आणि संडासातली वाळूची पिशवी मात्र त्यांनी अजून फेकलेली नाही, कोपऱ्यात ठेवली आहे.

पाइपाच्या तुकड्यासाठी दुसरं पत्र लिहून तयार आहे. तेही भेटीचंच आहे, जुने दोन्ही आवक नंबर वर टाकले आहेत. चार घरांचं दिवाळीनंतर काय होतं ते पाहतो आणि जानेवारीत नेऊन देतो. कुणाला पत्राचा गुजराती मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवतो. पण वही आधी घाला.